छुपा कॅमेरा शोधताना: उशीवर डोकं ठेवून टॉर्च फिरवा, स्कॅन त्यानंतर

प्रश्न: दोन महिन्यांसाठी भाड्याने खोली घेतली आहे. वायफायचं स्कॅन केलं तर फक्त दोन डिव्हाइस दिसली. म्हणजे कॅमेरा नाही असं धरायचं का? मोबाइलचा टॉर्चही मारून बघितला, पण सगळंच चमकतं. नेमकं काय बघायचं असतं?

उत्तर:

नाही, तसं धरू नका. दोनच डिव्हाइस दिसली की मला खोलीपेक्षा स्कॅनवर जास्त संशय येतो. त्या दोनांपैकी एक तुमचा स्वतःचा मोबाइल आणि दुसरा राउटर असणार. म्हणजे तुमच्या स्कॅनला दुसरं काहीच दिसलेलं नाही, आणि ते नसल्यामुळे दिसलं नाही की दिसू दिलं नाही म्हणून, हे अजून ठरायचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते. आधी टॉर्च, कारण खरं काम तोच करतो.

मी गेली पंधरा वर्षं कॅमेरे आणि नेटवर्क बसवण्याचं काम करते. अधूनमधून खोल्या तपासायलाही लोक बोलावतात. बसवणाऱ्याच्या नजरेने खोलीकडे बघितलं की शोधायची जागा एकदम आटोपशीर होते. कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतातच. एक म्हणजे ज्याचं चित्रण करायचं तिथपर्यंत सरळ नजर, आणि दुसरी म्हणजे वीज. बॅटरीवरचा बारीक कॅमेरा सलग चालवला तर काही तासांत मान टाकतो. तुमच्यासारखा दोन महिने राहणारा भाडेकरू असेल तर रोज बॅटरी बदलायला कोण येणार? म्हणून कायमचा बसवलेला कॅमेरा बहुतेक वेळा विजेवरच्या वस्तूत असतो: चार्जर, घड्याळ, टीव्हीचा बॉक्स, एक्स्टेंशन बोर्ड, छतावरचा धूरसूचक, टेबललॅम्प. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये एक मोठं प्रकरण उघड झालं. दहा शहरांतल्या तीस मोटेलांमधल्या बेचाळीस खोल्यांत कॅमेरे बसवून सुमारे सोळाशे लोकांचं चित्रण केलं गेलं होतं. ते कॅमेरे टीव्हीच्या बॉक्समध्ये, भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायर अडकवायच्या स्टँडमध्ये होते. तिन्ही जागा वीज असलेल्या किंवा विजेशेजारच्या, आणि तिन्ही अशा की माणूस तिथे दुसऱ्यांदा बघत नाही.

आता सरळ नजरेचा मुद्दा. कॅमेऱ्याला तुम्ही दिसत असाल तर तुम्हालाही कॅमेऱ्याची काच दिसायलाच हवी. मधे भिंत नाही, पडदा नाही, दोघांमध्ये फक्त हवा. लोक दारात उभे राहून खोलीभर टॉर्च फिरवतात आणि काही नाही म्हणून निघून जातात. दारात उभ्या माणसाचं चित्रण कोणालाच नको असतं. तपास करायचा तो पलंगावर झोपून, उशीवर डोकं ठेवून, मग पलंगाच्या कडेला बसून, मग जिथे कपडे बदलता तिथे उभं राहून, आणि न्हाणीघरात शॉवरखाली उभं राहून. प्रत्येक जागेवरून सभोवार बघा आणि तिथून दिसणाऱ्या विजेच्या वस्तू मोजा. सहा-सात निघतील. कसून तपासायच्या वस्तू एवढ्याच.

टॉर्चमध्ये सगळं चमकतं याचं कारण बहुधा टॉर्च धरण्याच्या पद्धतीत आहे. कॅमेऱ्याचं भिंग समोरून आलेला प्रकाश आत सेन्सरवर एकवटतं. त्यातला थोडा प्रकाश सेन्सरवरून परत फिरतो आणि त्याच भिंगातून, आला त्याच वाटेने, बाहेर पडतो. रात्री मांजरीचे डोळे चमकतात ते याच कारणाने. म्हणून ही चमक फक्त टॉर्चच्या जागी असलेल्या डोळ्याला दिसते. टॉर्च कमरेजवळ धरला तर चमक कमरेकडे परत जाते आणि डोळ्याला दिसतात फक्त स्क्रू, काचा आणि पॉलिश. मोबाइल उलटा करा, त्याचा दिवा कानशिलाला, डोळ्याच्या जितका जवळ धरता येईल तितका धरा आणि एक डोळा मिटा. दिवा आणि डोळा यांच्यात बोट-दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. दिवा थेट डोळ्यात जात असेल तर मधे तर्जनी आडवी धरा.

खोलीला हात घालण्याआधी एक तालीम करा. ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि नंतर गोंधळतात. दुसरा एखादा मोबाइल, जुना असला तरी चालेल, टेबलावर पुढचा कॅमेरा तुमच्याकडे करून उभा ठेवा. पडदे ओढा, दिवे घालवा, दोन मीटरवर उभ्या राहा आणि टॉर्च कानशिलाला लावून त्याच्याकडे बघा. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक, टोकदार ठिपका पेटलेला दिसेल, बहुतेकदा तांबूस किंवा निळसर-जांभळी झाक असलेला. आता टॉर्चचा हात हळूहळू खाली न्या. हात हनुवटीच्या खाली जाईपर्यंत ठिपका विझतो. पुन्हा वर आणा, पुन्हा पेटतो. चार-पाच वेळा करा. डोळ्याला एकदा त्या ठिपक्याची ओळख पटली की पुढचं काम सोपं होतं. तालमीत ठिपका दिसलाच नाही तर खोलीत अंधार कमी आहे किंवा टॉर्च डोळ्यापासून लांब आहे. ते सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नंतरच्या ‘काही दिसलं नाही’ला अर्थ राहत नाही.

आता स्क्रू आणि भिंग यांतला फरक. स्क्रूचं डोकं, खिळा, चकचकीत प्लास्टिकची कड हे सगळे छोटे आरसे असतात. तुम्ही डोकं इकडेतिकडे हलवलं की त्यांच्यावरची चमक पृष्ठभागावरून सरकते, पसरते, आकार बदलते. भिंगाची चमक जागा सोडत नाही. तुम्ही एक पाऊल डावीकडे गेलात, दोन पावलं उजवीकडे गेलात तरी ठिपका त्याच छिद्रात राहतो, फक्त मंद-प्रखर होतो आणि भिंगाच्या कक्षेबाहेर गेलात की अचानक मावळतो. त्यात आणि एक खूण: टॉर्च डोळ्यापासून दूर नेल्यावर स्क्रू चमकतच राहतो, भिंग विझतं. संशय आला की ही परीक्षा दहा सेकंदांत होते.

अंतर एक ते दोन मीटर ठेवा. लपवलेल्या कॅमेऱ्याच्या समोरचं छिद्र एक-दोन मिलिमीटरचं असू शकतं, त्यातून परत येणारा प्रकाश थोडाच असतो आणि तीन मीटरच्या पुढे तो हातातून निसटतो. घाई करू नका. एका भिंतीला दोन-तीन मिनिटं द्या, एका चार्जरला अर्धं मिनिट. आणि हेही सांगते की ही पद्धत चुकते. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ आणि योन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोबाइलमधल्या अंतर मोजणाऱ्या लेझर सेन्सरने छुपे कॅमेरे शोधण्याचा प्रयोग केला. त्यात तुलनेसाठी माणसांना नुसत्या डोळ्यांनी शोधायला सांगितलं, तेव्हा त्यांचं यश निम्म्यालाही पोहोचलं नाही. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. फरक पाडते ती जागेची निवड. सगळी खोली एकदा बघण्यापेक्षा सात वस्तू तीन-तीन कोनांतून बघितलेल्या बऱ्या.

टॉर्च जिथे हमखास कमी पडतो ती जागा म्हणजे काळसर प्लास्टिक. डिजिटल घड्याळाची पुढची पट्टी, टीव्हीच्या बॉक्सचं काळं तोंड. प्रकाशाला त्या प्लास्टिकमधून जाताना एकदा आणि परत येताना एकदा असं दोनदा गाळलं जातं, म्हणून ठिपका मरतो. इथे वीत-दीड वीत अंतरावर जाऊन बघा. शिवाय अशा प्लास्टिकमागे अंधारात बघण्यासाठी इन्फ्रारेड दिवे बसवलेले असू शकतात, कारण ते प्लास्टिक डोळ्याला काळं असलं तरी इन्फ्रारेडला बरंच पारदर्शक असतं. ते दिवे तुमच्या मोबाइलला दिसू शकतात. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलसमोर धरून बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून पुढचा कॅमेरा चालू करून बघा. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरं लुकलुकताना दिसलं तर तुमचा मोबाइल या कामाचा. नाही दिसलं तर दुसरा मोबाइल घ्या. मग खोली पूर्ण काळोखी करा, मिनिटभर थांबा, कारण हे दिवे अंधार झाल्याचं कळल्यावरच लागतात, आणि पुढच्या कॅमेऱ्यातून प्रत्येक काळं तोंड बघा. काही दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर एवढंच कळलं की इन्फ्रारेड दिवा नाही. चार्जरमधल्या बारीक कॅमेऱ्यांना तो नसायचाच संभव जास्त.

(आरशामागून कोणी बघू शकतं का हे ओळखायला आरशावर बोट टेकवून बोट आणि प्रतिबिंब यांतली फट बघायची, ती युक्ती मी वापरत नाही. साध्या आरशांतही ती फसवते. दिवे घालवून टॉर्च आरशाला चिकटवा आणि दोन्ही तळहातांचा आडोसा करून आत डोकवा. मागे पोकळी असेल तर दिसते.)

आता तुमचं स्कॅन. पाहुण्यांसाठीच्या वायफायमध्ये बहुधा अशी सोय चालू असते की जोडलेली डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत, प्रत्येकाला फक्त राउटर दिसतो. तुमच्या सुरक्षिततेसाठी ते चांगलंच आहे, पण तुमचं स्कॅन त्यामुळे आंधळं होतं. हे ओळखायला दुसरा मोबाइल त्याच वायफायला जोडा, त्याची स्क्रीन चालू ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. तुमच्याच हातातला दुसरा मोबाइल यादीत आला नाही, तर भिंतीतला कॅमेराही येणार नव्हता. अशा वायफायवर स्कॅन करण्यात वेळ घालवू नका. दुसरा मोबाइल दिसला, तर यादीला थोडा अर्थ आहे.

मोबाइलवरचं Fing सारखं ॲप सुरुवातीला पुरतं. पण हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये ॲपला इतर डिव्हाइसचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येकाच्या नेटवर्क चिपचा ओळखक्रमांक, वाचू दिले जात नाहीत, त्यामुळे कोणत्या कंपनीची वस्तू आहे ते बऱ्याचदा कळत नाही. लॅपटॉप असेल तर त्यावर nmap हा नेटवर्क तपासायचा मोफत प्रोग्राम टाकून बघा. तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता समजा 192.168.1.14 असेल तर हे दोन आदेश पुरतात, विंडोजवर सुरुवातीचा sudo गाळून:

```
sudo nmap -sn 192.168.1.0/24
sudo nmap -p 80,554,8000,8080,8554 --open 192.168.1.0/24
```

पहिला आदेश कोण कोण हजर आहे ते सांगतो आणि प्रत्येकाचा मॅक पत्ता, जमल्यास चिप बनवणाऱ्या कंपनीचं नावही देतो. दुसरा बघतो की कॅमेरे सहसा वापरतात ती दारं, म्हणजे पोर्ट, कोणाची उघडी आहेत. त्यात 554 समोर rtsp असं आलं तर कान टवकारा, कारण हे दार थेट चित्रप्रवाह देण्यासाठीच असतं. 80 आणि 8080 ना फारसा अर्थ नाही. राउटर, प्रिंटर, टीव्ही सगळ्यांची ती उघडी असू शकतात. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बनावट, वायफायसाठी तात्पुरता घेतलेला पत्ता असतो, आणि तो बहुतेक वेळा कोणाचा तरी मोबाइल किंवा लॅपटॉप निघतो. एक मर्यादा मात्र पाळा: यादी बघा, पण सापडलेल्या पत्त्यावर जाऊन पासवर्ड घालून बघू नका. तो दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न ठरतो आणि पुढे तक्रार तुमच्यावरच उलटते.

आणि वायफायच्या यादीतल्या नावांकडेही नजर टाका. काही कॅमेरे राउटरला जोडलेलेच नसतात, ते स्वतःचं वायफाय पसरवतात. अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ असलेलं नाव दिसलं तर खोलीभर फिरून सिग्नल कुठे वाढतो ते बघा. एका कोपऱ्यात गेल्यावर तो एकदम जोर धरत असेल तर त्या कोपऱ्यातल्या वस्तू टॉर्चने पुन्हा बघायच्या.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हे दोन्ही उपाय एकमेकांशेजारी कसे चालतात ते दिसेल. माझ्या भाचीने शिकायला गेल्यावर अशीच खोली घेतली होती. पहिल्याच रात्री फोन: “मावशी, स्कॅनमध्ये Espressif नावाचं काहीतरी दिसतंय. नेटवर वाचलं, त्याचे कॅमेरे असतात.” असतात हे खरं. पण तीच चिप स्मार्ट बल्बमध्ये, प्लगमध्येही असते. दुसऱ्या दिवशी मी गेले. यादीत राउटर, टीव्ही, आमचे दोन फोन आणि ते एक, अशी पाच नावं. नावावरून भांडत बसण्यापेक्षा त्या पत्त्याला सतत हाक मारत ठेवली:

```
ping 192.168.1.23
```

लिनक्स आणि मॅकवर ही हाक थांबवेपर्यंत चालते, विंडोजवर पुढे -t जोडावं लागतं. उत्तरं येत होती. मग तिला म्हटलं, एकेक वस्तू प्लगमधून काढत जा. टीव्हीचा बॉक्स काढला, उत्तरं चालू. घड्याळ काढलं, चालू. टेबललॅम्पच्या खालचा गुबगुबीत प्लग काढला आणि उत्तरं बंद पडली. स्मार्ट प्लग होता तो, दिवा वेळेवर लावणारा. भाचीने सुस्कारा सोडला आणि पिशवी आवरायला घेतली.

मी म्हटलं, थांब, टॉर्च राहिलाय. दारातून काही दिसलं नाही. पलंगाच्या कडेला बसून काही दिसलं नाही. मग तिच्या उशीवर डोकं टेकवून बघितलं, तर समोरच्या भिंतीवरच्या चार्जरमध्ये, यूएसबीच्या खोबणीच्या वर, तांबूस ठिपका. हात खाली नेला, विझला. डोकं एक वीत सरकवलं, तिथेच. उठून जवळ गेले तर तिथे मोहरीएवढं छिद्र होतं, काळ्या प्लास्टिकवर काळं. चार्जरला हात लावला तर कोमट. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. साधा चार्जर रिकामा असताना जवळजवळ थंड असतो. आत काहीतरी सतत चालू असेल तरच तो तापतो. बाजूला वाकून बघितलं तर मेमरी कार्डची फट होती. वायफाय नव्हतंच त्याला, कार्डावर साठवत होता. जगातलं कुठलंही स्कॅन त्याला शोधू शकलं नसतं.

हा कोमटपणा तुम्हीही बघा. खोलीत आधीपासून लावलेले चार्जर, ॲडॅप्टर, घड्याळं, ज्यांना काही जोडलेलं नाही ती, तासभर तशीच राहू द्या आणि मग हाताचा मागचा भाग लावा. एकटा चार्जर शेजारच्यापेक्षा गरम लागला तर त्याला टॉर्चखाली घ्या.

आणि खरंच काही सापडलं तर ते उपटू नका, उघडू नका, कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घालू नका. आधी मोबाइलने फोटो आणि छोटा व्हिडिओ घ्या: एक लांबून, ज्यात ती वस्तू आणि पलंग दोन्ही दिसतील, आणि एक जवळून, ज्यात छिद्र दिसेल. वेळ लिहून ठेवा. मग वस्तूवर टॉवेल टाका, सामान घ्या, बाहेर पडा आणि पोलिसांना तिथूनच बोलवा. मालकाला आधी फोन करायचा मोह आवरा. भाचीनेही तो फोन उचलला होता, मी तिच्या हातातून घेतला. ॲपवरून खोली घेतली असेल तर पोलिसांनंतर लगेच त्यांनाही लेखी कळवा. एअरबीएनबीने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे, उघड लावलेले आणि आधी सांगितलेले असले तरी, सरसकट बंद केले आहेत. त्यामुळे ‘सुरक्षेसाठी लावला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. पोलीस आले तेव्हा भाचीच्या खोलीतला चार्जर टॉवेलखाली तसाच चालू होता, आणि कार्ड त्यांनी स्वतः, पंचांसमोर काढलं.